खिडकींतला दिवा

गेल्या माघ महिन्यांत फोंडें तालुक्यांतील एका देवस्थानाच्या सभामंडपांत, दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींपुढें चार शब्द बोलण्यासाठीं आम्हांस बोलावणें आलें. असल्या प्रसंगीं वक्त्यानें काय बोलावें हें जवळजवळ ठरून गेलेलें आहे. कष्ट करा, आळस झटका, फळ देवावर सोंपवा, एवढें म्हटलें कीं टाळ्या पडतात आणि मंडळी प्रसाद घेऊन घरोघर जातात. आम्हीही त्याच तयारीनें गेलों होतों. परंतु सभा सुरू होण्यापूर्वीं एक बाई आपल्या मुलास घेऊन आमच्यापाशीं आल्या आणि म्हणाल्या, "म्हजो चलो रातभर वाचता, पूण पेपराक बसतकच ताका कांयच उगडास येना."

मुलगा मान खालीं घालून उभा होता. आम्हीं त्यास विचारलें, "बाळ, तूं झोंपतोस केव्हां?" तो म्हणाला, "रात्रीं दीड वाजतां. साडेपांचला आई उठवते." म्हणजे चार तास. दीड वाजेपर्यंतच कां, बारापर्यंत कां नाहीं, असें विचारतां तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "समोरच्या घरांतला दिवा दीडला विझतो." समोरच्या घरीं त्याच्याच वर्गांतला एक मुलगा राहतो. त्याचा दिवा विझल्यावांचून आपला विझवायचा नाहीं, असा यानें नेम केला होता.

त्या एका वाक्यानें आमचें ठरवून आणलेलें भाषण बाजूस राहिलें. आळस झटका असें या मुलास कोणत्या तोंडानें सांगावें? त्याच्या अंगीं आळसाचा लवलेश नव्हता. जें त्यास जमत होतें तें सर्व तो करीत होता, आणि तरीही रित्या हातानें परत येत होता. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, श्रम म्हणावें तरी कशास? माणूस जें सोसतो तें श्रम, कीं त्याच्या हातून जें घडतें तें?

आम्हां देवळाभोंवतीं वाढलेल्या लोकांस हा प्रश्न इतरांपेक्षां थोडा अवघड आहे. आपल्याकडे जागण्यास स्वतंत्र पुण्य आहे. महाशिवरात्रीस जागावें, एकादशीस भजनांत रात्र काढावी, जत्रेंत पालखीबरोबर पहांट करावी. तेथें जागणें हेंच देवास वाहिलेलें असतें. त्या रात्रींतून सकाळीं काय लक्षांत राहिलें असें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारूंही नये. परंतु हाच हिशेब आपण नकळत अभ्यासाच्या वहींत उतरवून घेतों. मूल जागतें आहे म्हणजे तें तप करतें आहे, आणि झोंपलें आहे म्हणजे वेळ दवडतें आहे, अशी आपली समजूत होऊन बसते. विद्यार्थ्याच्या पांच लक्षणांत श्वाननिद्रा सांगितली आहे, हें तर प्रत्येक काका आणि मामा ऐकवीत असतो. आमची त्यांस एकच विनंति आहे: त्यांनीं एकदां आपल्या अंगणांतील कुत्र्याकडे दिवसभर पाहावें. तो प्राणी चोवीस तासांपैकीं जवळजवळ निम्मे झोंपून काढतो. त्याची झोंप सावध असते, थोडी नसते.

अर्जुनाचें एक नांव गुडाकेश. निद्रेस जिंकलेला असा त्याचा अर्थ परंपरेनें केला आहे. अशा वीरासच गीतेच्या सहाव्या अध्यायांत भगवंतांनीं बजावलें आहे कीं, अति झोंपणाऱ्यास योग साधत नाहीं, तसाच अति जागणाऱ्यासही साधत नाहीं. उपदेशाचा पहिला अर्धा भाग मुलांना सांगण्यास आपण विसरत नाहीं. दुसरा मात्र सांगावयाचा राहून जातो.

बरें, पहांटे उठण्याचा जो जुना दाखला देण्यांत येतो, तोही आपण अर्धाच देतों. आमचे आजोबा ब्राह्ममुहूर्तावर उठत हें खरें आहे. पण रात्रींची आरती आटोपली कीं जेवण होई आणि नवाच्या सुमारास घरांतला दिवा मंदावे. नवापासून साडेचारपर्यंत साडेसात तास होतात. पुढें घरोघर वीज आली, संध्याकाळ लांबत लांबत मध्यरात्रीपलीकडे गेली, आणि पहांट मात्र जेथल्या तेथें राहिली. उशिरां झोंपणें ही नवी रीत आणि लवकर उठणें ही जुनी रीत. दोन्ही एकाच मुलाच्या माथीं मारल्यानें त्याची रात्र दोन्ही बाजूंनीं कुरतडली गेली. शिवाय पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत शरीराचें घड्याळच पुढें सरकलेलें असतें. या वयांत झोंप येण्याची वेळ निसर्गतःच उशिराची होते. नऊ वाजतां झोंप येत नाहीं हा मुलाचा उद्धटपणा नव्हे. निद्राविषयक वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप हवी असें सांगितलें आहे. त्या सभामंडपांतल्या मुलास त्याची निम्मीच मिळत होती.

झोंपेंत काय घडतें याचा एक जुना प्रयोग आम्हीं त्या दिवशीं मुलांना सांगितला, तो येथेंही सांगतों. १९२४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांकडून दहा दहा निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ करवून घेतल्या. कधीं पाठ झाल्यावर ते झोंपत, कधीं आपल्या दिवसाच्या कामास लागत. आठ तासांनंतर विचारतां, झोंपून उठल्यावर त्यांस दहांपैकीं निम्म्याहून अधिक आठवत. जागेपणीं तेवढाच काळ गेल्यावर जेमतेम एक. त्या काळीं याचा अर्थ इतकाच लावला गेला कीं, झोंपेंत नवें कांहीं कानांवर पडत नाहीं म्हणून जुनें पुसलें जात नाहीं. पुढच्या संशोधनानें त्यांत भर घातली. दिवसा शिकलेलें मेंदू झोंपेंत पुन्हां चाळवतो आणि अधिक टिकाऊ ठिकाणीं नेऊन ठेवतो, असें आतां दिसून आलें आहे. गाढ झोंप बहुतेक रात्रीच्या पूर्वार्धांत येते आणि स्वप्नांची झोंप उत्तरार्धांत वाढत जाते. दोहोंचें काम निराळें आहे. साडेपांचला उठविलेल्या त्या मुलाचा उत्तरार्ध जवळजवळ सगळाच कापला जात होता.

यांतली सर्वांत फसवी गोष्ट अशी कीं, झोंप कमी पडलेल्यास आपलें काय बिघडलें आहे हें स्वतःस कळत नाहीं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत धडधाकट प्रौढ माणसांस चौदा दिवस रोज सहा तास, किंवा त्याहून कमी, झोंपूं दिलें. त्यांचें लक्ष आणि स्मरण दिवसेंदिवस ढासळत जाऊन, एक-दोन रात्रीं अजिबात न झोंपलेल्या माणसाइतकें झालें. आपल्याला कितपत झोंप येते असें विचारतां मात्र ती माणसें म्हणत, थोडीशी. आतां संवय झाली. ही संवय झाल्याची भावनाच घात करते. म्हणून, "मला चार तास पुरतात" असें मूल म्हणालें तर त्याच्या म्हणण्यावर जाऊं नये, खुणा पाहाव्यात. तेंच वाक्य दोनतीनदां वाचावें लागतें, उत्तरांत अधिकाच्या जागीं उणें चिन्ह पडतें, रविवारीं मोकळें सोडल्यास तें दहा वाजेपर्यंत उठत नाहीं, बसमध्यें बसल्याबरोबर डोळा लागतो. यांतल्या दोन खुणा दिसल्या तरी हिशेब कळतो.

एखादा म्हणेल, हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे. आमच्या मुलांचें काय? लॉस एंजेलिस येथें पांचशेंहून अधिक शाळकरी मुलांनीं चौदा दिवस रोजच्या अभ्यासाची आणि झोंपेची नोंद ठेवली. तो अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या रात्रीं मुलानें झोंप मोडून नेहमींपेक्षां अधिक अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्या दिवशीं वर्गांत शिकविलेलें न कळणें किंवा चांचणींत नीट न लिहितां येणें असे प्रकार वाढले. तें मूल एरवीं थोडा अभ्यास करणारें असो कीं पुष्कळ, फरक पडला नाहीं. अभ्यास करूं नका असें त्या संशोधकांचें म्हणणें नव्हतें. तो झोंपेच्या पदरांतून काढूं नका, एवढेंच होतें.

आतां त्या मुलाकडे वळूं. सभा संपल्यावर आम्हीं त्यास विचारलें, काल रात्रीं काय वाचलेंस? तो म्हणाला, विज्ञानांतला प्रकाशाचा पाठ, चार वेळां. पुस्तक पाहिलें तों ओळन् ओळ अधोरेखित केलेली. आम्हीं त्यास कोरा कागद दिला आणि म्हटलें, अंतर्गोल आरशासमोर नाभि आणि वक्रता केंद्र यांच्या मध्यें वस्तु ठेव आणि प्रतिमा कोठें पडते तें काढून दाखव. त्यानें आरसा काढला, किरण काढले, आणि प्रतिमा आरशाच्या मागें नेऊन ठेविली. ती तेथें पडते, पण वस्तु नाभीच्याही अलीकडे, आरशाजवळ असतां. त्यानें घेतलेल्या जागीं ती वक्रता केंद्राच्या पलीकडे, उलटी आणि मोठी पडते. चार वेळां वाचूनही त्याच्या मनांत दोन आकृत्या एकमेकींत मिसळल्या होत्या. आणि वाचतांना ही चूक दिसण्याचा संभवच नव्हता, कारण पुस्तकांतली आकृति प्रत्येक वेळीं बरोबरच असते.

पुन्हां पुन्हां वाचल्यानें ओळख वाढते, आठवण वाढत नाहीं. २००६ सालीं रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनीं हें विद्यार्थ्यांवर पाहिलें. एका गटानें उतारा पुन्हां पुन्हां वाचला. दुसऱ्यानें एकदां वाचून पुढें तो पुस्तक मिटून आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं विचारतां वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर लिहिणाऱ्यांस शंभरांपैकीं सुमारें साठ भाग आठवत होते, आणि वाचणाऱ्यांस सुमारें चाळीस. गंमत अशी कीं, आपल्याला अधिक आठवेल असा भरंवसा वाचणाऱ्यांसच जास्त होता. दीड वाजेपर्यंत जागून पाठ चार वेळां वाचणाऱ्या मुलास जें समाधान मिळतें, तें याच जातीचें असतें.

म्हणून परीक्षेस तीनेक आठवडे उरले असतां आम्हीं त्या मुलास अगदीं साधा क्रम लावून दिला. संध्याकाळीं साडेसातला पाठाचा एकच भाग चाळीस मिनिटें वाचावा. मग पुस्तक मिटून आरशासमोरच्या सहाही स्थितींच्या आकृत्या कोऱ्या कागदावर काढाव्यात. चुकलेल्या तांबड्या शाईनें दुरुस्त कराव्यात. दहा वाजतां अभ्यास बंद, साडेदहापर्यंत अंथरुणांत, सकाळीं साडेसहाला उठणें. उठल्यावर तोंड धुऊन, पुस्तक न उघडतां, त्याच सहा आकृत्या पुन्हां. मग तीन दिवसांनीं, मग आठ दिवसांनीं. एबिंगहाउस या जर्मन पंडितानें १८८५ सालींच दाखवून दिलें होतें कीं, तीन दिवसांत वांटून केलेलीं अडतीस पारायणें एका दिवसांत केलेल्या अडुसष्टांइतकीं पडतात. वांटून केलें तर श्रम कमी लागतात. पण रोज थोडें करण्यास जो धीर लागतो, तो एका रात्रींत सगळें करण्यास लागत नाहीं. आमच्या मतें खरा कस त्या धीराचा आहे.

पहिल्या संध्याकाळीं त्याच्या सहांपैकीं चार आकृत्या बरोबर आल्या. दुसऱ्या सकाळीं पांच. तिसऱ्या दिवसानंतर चूक दिसेना. झोंप मात्र पहिले चार दिवस लवकर येईना. डोळे उघडे ठेवून पडे. हें अपेक्षितच होतें. झोंपेची वेळ एकदम तीन तास मागें नेतां येत नाहीं. दर दोन दिवसांनीं अर्धा तास एवढीच ती ऐकते, आणि उठण्याची वेळ ठरलेली ठेवली तरच ऐकते. संध्याकाळच्या साडेसहाचा चहाही आम्हीं बंद करविला. चहांतला उत्तेजक अंश अंगांतून निम्मा होण्यास सुमारें पांच तास लागतात, हें त्याच्या आईस ठाऊक नव्हतें. ती बिचारी मुलानें नीट जागावें म्हणून तो करून देत होती. आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं झोंप लागलीच नाहीं तर काय, या प्रश्नास आम्हीं सांगितलें कीं, घाबरण्याचें कारण नाहीं. आधींचे पंधरा दिवस नीट झोंपलेलें मूल एक वाईट रात्र निभावून नेतें. अंधारांत स्वस्थ पडून राहावें. उठून पुस्तक मात्र उघडूं नये.

राहिला तो समोरचा दिवा. त्या मुलाच्या दुःखाचें मूळ तेथें होतें, आणि तें काढणें सर्वांत कठीण गेलें. आम्हीं सहज चौकशी केली तेव्हां कळलें कीं, दीड वाजेपर्यंत जळणारा तो दिवा त्या वर्गमित्राचा नव्हताच. त्याच्या थोरल्या बहिणीच्या शिवणयंत्राजवळचा होता. लग्नसराईचीं कामें घेऊन ती रात्रीं शिवीत बसे. वर्गमित्र शेजारच्या खोलींत दहालाच झोंपे. आमचा मुलगा कित्येक रात्रीं एका शिवणकाम करणाऱ्या बाईशीं अभ्यासाची शर्यत लावून बसला होता!

हें ऐकून तो हंसला, आणि आम्हीही हंसलों. पण समजा, दिवा खरोखर वर्गमित्राचा असता, तर? तरीही तुलना पोकळच ठरली असती. दुसऱ्याचा दिवा दिसतो. त्या दिव्याखालीं त्याच्या डोक्यांत काय शिरतें तें दिसत नाहीं. दुसऱ्याचे तास मोजतां येतात. त्याच्या सहा आकृत्यांपैकीं किती चुकल्या हें कळत नाहीं. आपल्याविषयीं मात्र उलट असतें. आपल्या चुका आपल्याला पुरत्या ठाऊक असतात. आपलें आंतलें घेऊन दुसऱ्याच्या बाहेरच्याशीं ताडून पाहिल्यावर आपण उणेच ठरणार. आतां तर खिडकीची सुद्धां गरज उरली नाहीं. मोबाईलवर वर्गाचा गट असतो, आणि मध्यरात्रीं कोणी तरी त्यांत लिहितो, माझी उजळणी पूर्ण झाली. तें वाचून दहाबारा घरांतील झोंप उडते.

तुलना सर्वस्वीं टाकावी असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तें माणसास जमतही नाहीं. एका मुलीनें आम्हांस सभेंतच विचारलें, मग हुशार मैत्रिणीकडे पाहूंच नये काय? आम्हीं म्हटलें, पाहा, पण तिला किती तास बसतेस असें विचारूं नकोस. प्रमेय कसें लक्षांत ठेवतेस असें विचार. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानें मत्सर किंवा निराशा येते, आणि दुसऱ्याच्या उत्तरानें प्रमेय येतें. शिवाय दहावीच्या परीक्षेंत मैत्रिणीचे गुण वाढले म्हणून आपले कमी होत नाहींत. पुढें महाविद्यालयांतल्या जागांसाठीं गुणांचा क्रम लागतो हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तोही रात्रीच्या दिव्यांवरून लागत नाहीं.

त्याच मुलीनें दुसरा प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. ती म्हणाली, "काका, दहाला झोंपायला मलाही आवडेल. पण जेवणाचीं भांडीं घासून होतात तेव्हां साडेनऊ वाजलेले असतात. भाऊ तोपर्यंत दोन तास वाचून मोकळा होतो. मी केव्हां वाचूं?" सभामंडपांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. झोंपेचा उपदेश आम्हीं मुलांना केला होता; तो पाळणें त्यांच्या हातीं किती आहे, हा विचार केला नव्हता. ज्या घरांत एकच खोली आणि दूरदर्शनसंच अकरापर्यंत चालूं, तेथें मुलानें साडेदहाला कोठें झोंपावें? ज्या मुलीस स्वयंपाकघर सुटत नाहीं तिला शिस्त शिकविण्याचा आम्हांस काय अधिकार? आम्हीं तिला एवढेंच सांगितलें कीं, तुझ्या प्रश्नाचें उत्तर तूं द्यावयाचें नाहींस. मागच्या रांगांत बसलेल्यांनीं द्यावयाचें आहे. आणि मागच्या रांगांकडे वळून आम्हीं विचारलें, परीक्षेच्या महिन्यापुरतीं हिचीं भांडीं कोण घासणार? एक-दोघे हंसले. तिचे वडील हंसले नाहींत. ते पायांकडे पाहत होते.

देवस्थानाच्या मंडळींपुढेंही आम्हीं एक गोष्ट मांडली. परीक्षेचा हंगाम आणि शिगमा मागेंपुढें येतात. २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो; सणावारीं ठराविक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारास आहे. ती सूट असली तरी या वर्षीं मागूं नये, असें आम्हीं सुचविलें. ढोल-ताशांस आमची ना नाहीं. शिगमा त्यांवांचून शिगमा नव्हे. आमची तक्रार अकरानंतर चालणाऱ्या कर्ण्याविषयीं होती. एका वयोवृद्ध महाजनांनीं विचारलें, "देवाचें नांव रात्रीं घ्यायचेंच नाहीं काय?" आम्हीं म्हटलें, घ्यावें, अवश्य घ्यावें, कर्ण्यावांचून घ्यावें. बराच वेळ चर्चा झाली. शेवटीं ध्वनिक्षेपक रात्रीं साडेनवाला बंद करण्याचें ठरलें, तेंही एका मताच्या फरकानें.

त्या मुलाचा निकाल पुढें लागला. विज्ञानांत त्यास बरे गुण पडले, गणितांत मध्यम. समोरच्या घरच्या मुलास त्याच्याहून अधिक पडले. आई पेढे घेऊन आल्या तेव्हां त्यांच्या तोंडून समोरच्याचे गुण आधीं निघाले, आपल्या मुलाचे मागाहून. मुलगा शेजारींच उभा होता. आम्हीं त्यास विचारलें, हल्लीं झोंपतोस केव्हां? तो म्हणाला, "दहाला. समोरचा दिवा असतो अजून, दीड वाजेपर्यंत. पण आई आतां तिकडची खिडकी लावून घेते."